कॅमेऱ्याने पाहिलेली रात्र

विश्रांतवाडीतील माझ्या दवाखान्यात सकाळच्या वेळी येणाऱ्या कुटुंबांपैकी काहींच्या हातात आता रक्त-लघवीच्या अहवालांबरोबर मोबाइलही पुढे केलेला असतो. त्यात आदल्या रात्रीचे चित्रण असते. घरातील वृद्धांवर लक्ष राहावे म्हणून खोलीत लावलेल्या छोट्या कॅमेऱ्याने ते टिपलेले असते आणि प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, हे पाहून सांगा ना, काय झाले आहे?" या प्रश्नाचे उत्तर चित्रण पाहून मिळेलच असे नाही. मात्र त्या चित्रणाचा नीट सारांश केला, तर पुढे कोणता प्रश्न विचारावा आणि कोणती चाचणी करावी, हे पुष्कळदा कळते. हा सारांश कसा करावा आणि त्याने कोठे थांबावे, हे आज एका उदाहरणावरून पाहू. ओळख पटू नये म्हणून तपशिलात थोडा बदल केला आहे.

एकाहत्तर वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ पत्नी व मुलासह दवाखान्यात आले. बाई म्हणाल्या, "हे झोपेत हात-पाय झाडतात, डॉक्टर. परवा माझ्या खांद्यावर गुद्दा बसला. आता मी खाली गादी घालून निजते." गृहस्थ संकोचून गप्प बसले होते. मुलाने खोलीत कॅमेरा बसवला होता आणि त्या ॲपने एका रात्रीत 58 हालचाली झाल्याचे दाखवले होते. मुलाने बरेच वाचनही केले होते. स्वप्नात हात-पाय झाडणे ही कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची, पूर्वसूचना असू शकते हे त्याला समजले होते आणि त्यावर झोपेच्या वर्गातील एक गोळी देतात हेही. "तेवढी गोळी लिहून द्या, म्हणजे आईला तरी झोप मिळेल," असे त्याचे म्हणणे होते.

मुलाचे वाचन चुकीचे नव्हते. 1986 साली अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे कार्लोस शेंक, मार्क महोवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्याला ठळक स्वप्ने पडतात त्या झोपेच्या टप्प्याला रेम झोप म्हणतात. त्या टप्प्यात शरीराचे स्नायू निसर्गतः सैल पडतात, त्यामुळे आपण स्वप्नात पळतो, पण अंथरुणात पळत नाही. काही व्यक्तींमध्ये, विशेषतः उतारवयातील पुरुषांमध्ये, ही सैलावण्याची क्रिया बिघडते आणि स्वप्नातील मारामारी अंथरुणात उतरते. अशा काही रुग्णांना पुढे कंपवात किंवा त्याच्या जवळचे आजार होतात, हेही खरे आहे. चित्रणात गृहस्थांचा हात हवेत उगारलेला दिसत होता, तोंडाने काही पुटपुटणे ऐकू येत होते. कबूल करतो, माझाही हात औषधाच्या कागदाकडे गेला होता.

मी थांबलो तो 58 या आकड्यामुळे. तो आकडा मला पटेना, म्हणून आम्ही चित्रफिती एकेक करून पाहिल्या.

घरगुती कॅमेऱ्याला हालचाल कळते, माणूस कळेलच असे नाही. तो एका चित्राची पुढच्या चित्राशी तुलना करतो आणि ठरावीकपेक्षा अधिक भाग बदलला असेल तर हालचाल झाली असे मानून काही सेकंदांची फीत साठवतो. मग पडदा हलला काय, सोसायटीत शिरणाऱ्या मोटारीचा दिवा भिंतीवरून सरकला काय, किंवा मच्छरदाणी पंख्याच्या वाऱ्याने फुगली काय, त्याच्या लेखी सारे सारखेच. शिवाय एकच सलग हालचाल तो चार फितींत तोडतो आणि चार वेळा मोजतो.

त्या 58 फितींपैकी 11 फिती पडदा आणि खिडकीतून आलेल्या उजेडाच्या होत्या. 14 फितींत हललेली व्यक्ती गृहस्थ नव्हते, तर खाली निजलेल्या बाई कूस बदलत होत्या. 7 फिती मिळून लघवीसाठी उठण्याच्या दोन फेऱ्या होत्या. राहिलेल्या 26 फिती जोडून पाहिल्या तेव्हा त्यांचे 12 प्रसंग झाले. त्यांतील 7 प्रसंग साध्या कूस बदलण्याचे होते आणि जोराने हात-पाय झाडण्याचे केवळ 5. अठ्ठावन्नवरून आपण पाचावर आलो. हे पाच प्रसंग मात्र खरे होते. तेव्हा आकडा खाली आला म्हणून आजार नाही, असेही म्हणता येत नव्हते.

यात एक मोठी उणीव होती. हा कॅमेरा केवळ हालचाल झाल्यावरच चित्रण सुरू करत असे. म्हणजे हात उगारल्यापासूनचे सारे दिसत होते, पण हात उगारण्यापूर्वीच्या मिनिटात काय घडले, याची नोंदच नव्हती. वैद्यकीय दृष्टीने बहुतेक वेळा तेच मिनिट सर्वांत मोलाचे असते. म्हणून मी मुलाला सांगितले, "आज गोळी नको. आणखी एक रात्र चित्रण कर, पण सलग. हालचालीपुरते नको." गृहस्थांकडे वळून विचारले, "काका, तुमची हरकत नाही ना?" ते म्हणाले, "कारण कळत असेल तर करा. नाहीतर हिला माझी भीती वाटू लागली आहे." ते बोलताना त्यांचा आवाज किंचित कापला.

आपल्यालाही कधी असे चित्रण करावे लागले, तर पूर्वतयारी थोडी काळजीपूर्वक करावी. कॅमेरा पायथ्याच्या बाजूला, अंथरुणापेक्षा उंच ठेवावा, म्हणजे चेहऱ्यापासून पावलांपर्यंत सर्व शरीर चौकटीत येते. त्यातील घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्यावे. जाड रजईऐवजी शक्यतो पातळ पांघरूण द्यावे. आवाजासाठी मात्र पायथा दूर पडतो आणि छताचा पंखा श्वासाचा आवाज गिळून टाकतो. म्हणून दुसरा एखादा मोबाइल ध्वनिमुद्रण सुरू करून उशालगतच्या स्टुलावर ठेवणे बरे. दिवा मालवल्यावर घरातील कोणीतरी कॅमेऱ्यासमोर हात वर करून एकदा मोठ्याने खोकावे. यामुळे अंधारातही चित्र व आवाज येतो आहे याची खात्री होते आणि दोन उपकरणांच्या वेळा सकाळी जुळवता येतात.

आता सारांश. त्यासाठी एक साधी वही पुरते. पहिल्या पानावर आपला नियम लिहावा. आम्ही असा नियम केला : शरीर हलू लागले की प्रसंग सुरू, आणि पुरे अर्धे मिनिट काही हलले नाही की प्रसंग संपला. मधली विश्रांती अर्ध्या मिनिटाहून कमी असेल तर ती एकाच प्रसंगात धरायची. अर्धे मिनिट हा काही वैद्यकशास्त्राचा दंडक नव्हे. आपण एक मिनिटही धरू शकता. पण जो नियम पहिल्या रात्री लावला, तोच पुढच्या रात्री लावला पाहिजे. नाहीतर मोजणाऱ्याचा हात बदलला की रुग्ण सुधारला किंवा बिघडला असे वाटू लागते.

प्रत्येक प्रसंगापुढे चार गोष्टी लिहाव्या : वेळ, किती सेकंद चालला, शरीराचा कोणता भाग कसा हलला, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या मिनिटात काय दिसले व ऐकू आले. आवाजांची नोंद वेगळी ठेवावी आणि आवाज कोणाचा हे प्रथम लिहावे : रुग्णाचा, खोलीतील दुसऱ्या कोणाचा, खोलीतील वस्तूचा, की बाहेरचा. आपल्या भागात लोहगाव विमानतळ जवळ आहे. रात्री उतरणारे विमान, आळंदी रस्त्यावरचा ट्रक, भटक्या कुत्र्यांचे भांडण, पहाटे सुरू होणारी पाण्याची मोटर, यांमुळे निरोगी माणूसही दचकून कूस बदलतो. बाहेरचा आवाज आणि त्यानंतरची हालचाल शेजारी-शेजारी लिहिल्याखेरीज हे लक्षात येत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जे दिसले-ऐकले तेवढेच लिहावे. 'झटका आला', 'श्वास थांबला', 'स्वप्न पडले', 'गाढ झोप लागली' ही वाक्ये नोंदी नव्हेत, ते निष्कर्ष आहेत. 'दोन्ही हात एकाच वेळी ताठ झाले', 'श्वासाचा आवाज ऐकू आला नाही', 'डोळे मिटून काही शब्द बोलले', 'हालचाल न करता पडून होते' या नोंदी झाल्या. आणि जेथे काही दिसलेच नाही तेथे 'हालचाल नाही' असे न लिहिता 'दिसले नाही' असे लिहावे. पांघरूण डोक्यावर ओढलेल्या तासाभरात माणूस शांत होता की अस्वस्थ, हे आपल्याला ठाऊक नसते.

त्या मुलाने हे काम मन लावून केले. दुसऱ्या चित्रणाच्या रात्री 10.40 ते पहाटे 5.40 असे सात तास सलग मुद्रण झाले. त्यांपैकी 50 मिनिटे गृहस्थ पांघरुणात पूर्ण झाकलेले किंवा खोलीबाहेर होते. म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेला काळ 6 तास 10 मिनिटे. लघवीची फेरी वगळता हालचालीचे 9 प्रसंग सापडले. तीन साध्या कुशीचे, सहा जोराचे. त्या सहांतील एकाच्या आधी खिडकीखाली कुत्री भुंकली होती. गृहस्थ दचकून उठून बसले आणि पाणी पिऊन पुन्हा आडवे झाले. उरलेले पाच प्रसंग मात्र एकाच साच्यातले होते. त्यांतील एकाची नोंद वहीत अशी होती :

3.06.10 : घोरणे चालू. पांघरूण वर-खाली होताना दिसते.
3.06.42 : घोरणे एकदम थांबले. पांघरूण अजून हलते आहे. श्वासाचा आवाज ऐकू येत नाही.
3.07.09 : मोठा घरघराट. त्याच क्षणी उजवा हात उशीवर आपटला, दोन्ही पाय झाडले, काही पुटपुटले.
3.07.21 : हालचाल थांबली. घोरणे पुन्हा सुरू.

सत्तावीस सेकंदांची शांतता आणि त्यानंतर बारा सेकंदांची हालचाल. पाचही वेळा क्रम हाच होता : घोरणे, शांतता, घरघराट आणि मग हात-पाय झाडणे. पहिल्या रात्रीच्या फितींत ही शांतता नव्हतीच, कारण शांततेत फारसे काही हलत नाही आणि पुरेसे हलल्याशिवाय कॅमेरा जागा होत नव्हता.

हा क्रम वाचून माझा विचार दुसऱ्या दिशेने वळला. घशातील मऊ भाग झोपेत सैल पडून श्वासमार्ग बंद होतो, हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू घटू लागतो. मेंदू क्षणभर शरीराला जागे करतो, मोठ्या घरघराटासह मार्ग उघडतो आणि त्या धडपडीत हात-पाय झाडले जातात. यास स्लीप ॲप्निया म्हणतात. बार्सिलोना येथील संशोधकांनी 2005 साली दाखवून दिले आहे की, तीव्र ॲप्नियाचे काही रुग्ण झोपेत ओरडतात, हात-पाय झाडतात, वाईट स्वप्नेही सांगतात. सारे चित्र हुबेहूब त्या स्वप्नविकारासारखे दिसते, आणि श्वासाचा उपचार झाला की ते थांबते. गृहस्थांना विचारले तेव्हा आणखी दुवे मिळाले. दुपारी वर्तमानपत्र वाचता-वाचता पेंग येत होती, सकाळी डोके जड असे आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेऊनही दाब आटोक्यात नव्हता.

आता त्या मागितलेल्या गोळीचा विचार करा. स्वप्नविकारात वापरली जाणारी क्लोनाझेपाम स्नायू सैल करते आणि झोप गाढ करते. ॲप्नियाच्या रुग्णाचा घसा तिने आणखी सैल पडू शकतो आणि गुदमरल्यावर जागे करणारी मेंदूची हाकही मंदावू शकते. हात-पाय झाडणे कदाचित कमी झाले असते, घरात सर्वांना बरे वाटले असते, आणि शांततेची ती सत्तावीस सेकंदे लांबत गेली असती. घरातील दुसऱ्या कोणासाठी आणलेली झोपेची गोळी वृद्धांना 'अर्धीच' देणाऱ्यांनी हे विसरू नये.

येथपर्यंत सारांशाचे काम झाले. येथून पुढे त्याची मर्यादा सुरू होते, आणि ती सांगणे मला अधिक आवश्यक वाटते. वहीतील पाच नोंदी पाहूनही मी 'हा ॲप्नियाच आहे' असे म्हणू शकत नव्हतो.

पहिले कारण आवाजाचे. घोरणे थांबले म्हणजे श्वास थांबला असे नाही. माणूस कधी कूस न बदलताही शांतपणे नाकाने श्वास घेऊ लागतो. शिवाय अनेक उपकरणांतील ध्वनियंत्रणा एकसुरी, हलका आवाज गोंगाट समजून आपोआप दाबून टाकते. पंख्याची घरघर कमी करताना ती हळू चालणारा श्वासही पुसू शकते. दुसरे कारण बरोबर याच्या उलट आहे आणि ते पुष्कळांना चकित करते. घसा बंद झाला असतानाही छाती व पोट हलतच असतात, कारण शरीर श्वास ओढण्याची धडपड करत असते. वरच्या नोंदीत पांघरूण हलत होते ते म्हणूनही असेल. तेव्हा 'छाती हलते आहे, म्हणजे श्वास ठीक आहे' हा दिलासा चित्रावरून घेता येत नाही.

तिसरी मर्यादा झोपेची. डोळे मिटून निश्चल पडलेला माणूस झोपला आहे की उद्याच्या चिंतेत जागा आहे, हे कॅमेरा सांगू शकत नाही. ॲप्नियाची तीव्रता झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा अडला यावरून ठरते. झोपेचे तासच माहीत नसतील तर भागाकार कशाने करणार? म्हणूनच सात तासांत पाच प्रसंग म्हणजे 'सौम्य' असे मी म्हणालो नाही. प्रत्येक अडथळ्यानंतर माणूस हात-पाय झाडतोच असे नाही. जे अडथळे निमूटपणे येऊन गेले, त्यांची वहीत नोंदच नव्हती. वेळेवरूनही निवाडा होत नव्हता. प्रसंग पहाटेकडे अधिक होते, पण रेम झोपच उत्तररात्री अधिक असते आणि त्या झोपेत स्वप्नविकार व श्वासाचे अडथळे हे दोन्ही वाढू शकतात.

चौथी गोष्ट रंगाची. अंधारात कॅमेरा डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने चित्र घेतो. ते करडे असते, त्यात ओठ निळे पडले तरी कळणार नाहीत. प्राणवायू किती उतरला, हृदयाचे ठोके चुकले का, मेंदूत काय चालले होते, यांतील काहीही त्यात नसते. आणि शेवटी, एक रात्र म्हणजे सर्व रात्री नव्हेत. सर्दी, मद्यपान, पाठीवर निजणे यांनी रात्र बदलते. शांत गेलेल्या एका रात्रीचे चित्रण आजार नसल्याचा पुरावा होत नाही.

म्हणून मी त्यांना रुग्णालयात रात्रभर होणाऱ्या झोपेच्या चाचणीसाठी, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफीसाठी पाठवले. तिच्यात डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर व पायांवर तारा लावून मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली आणि स्नायूंचा ताण मोजतात. नाकाजवळ हवेचा प्रवाह, छाती-पोटावरील पट्ट्यांनी श्वासाची धडपड, बोटावरून प्राणवायू, आणि बरोबर चित्रणही. म्हणजे तेथेही कॅमेरा असतोच, पण तो एकटा नसतो. घरी करता येणारी छोटी चाचणीही असते. तिने श्वास व प्राणवायू कळतो. मात्र स्वप्नविकाराची शंका असेल तर ती सहसा पुरत नाही, कारण हनुवटीच्या स्नायूचा ताण तिच्यात मोजत नाहीत आणि त्या विकाराचे निदान नेमके त्यावरच अवलंबून असते.

अहवाल आला. झोपेच्या दर तासाला श्वास अडण्याचे किंवा मंदावण्याचे 38 प्रसंग होते. तीस किंवा त्याहून अधिक असतील तर ॲप्निया तीव्र समजतात. प्राणवायू 79 टक्क्यांपर्यंत उतरत होता. रेम झोपेत हनुवटीचा स्नायू मात्र निसर्गनियमाप्रमाणे सैल पडत होता, म्हणजे स्वप्नविकाराचा पुरावा नव्हता. घरच्या वहीत पाच प्रसंग आणि चाचणीत तासाला अडतीस, हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वहीने दिशा बरोबर दाखवली, पण आजाराचे माप तिला कळले नव्हते आणि कळणारही नव्हते.

गृहस्थांना नाकावरील मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देणारे सी-पॅप यंत्र सुरू झाले. पहिले दोन आठवडे ते कंटाळले, मुखवट्याचे माप बदलावे लागले, मग सवय झाली. दीड महिन्याने मुलाने पुन्हा दोन रात्री चित्रण केले. हात-पाय झाडण्याचा एकही प्रसंग नव्हता. तो उत्साहाने म्हणाला, "डॉक्टर, घोरण्याचा आवाजही शून्य!" मी त्याला एवढेच सांगितले की, यंत्राची स्वतःची घूं-घूं ध्वनिमुद्रणात भरून राहिली आहे, तेव्हा आवाजाच्या नोंदींची आधीच्या नोंदींशी तुलना करू नकोस. सुधारणा झाली हे आम्ही यंत्रातील नोंदींवरून, उतरलेल्या रक्तदाबावरून आणि दुपारची पेंग गेल्यावरून मानले. आणखी एक साक्ष होती. बाई पुन्हा पलंगावर निजू लागल्या होत्या.

या गोष्टीवरून 'हात-पाय झाडणे म्हणजे ॲप्निया' असा नवा निष्कर्ष कृपया काढू नका. जवळपास असेच चित्रण घेऊन आलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांच्या चाचणीत श्वास जवळजवळ निर्दोष निघाला आणि रेम झोपेत स्नायू ताठच राहत असल्याचे दिसले. त्यांचा स्वप्नविकार खरा होता. त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले, पलंग भिंतीपासून दूर केला, उशालगतचे काचेचे तांब्या-भांडे आणि टोकदार टेबल हलवले. त्या घरी वहीतील नोंद वेगळी होती का? थोडी होती. त्यांच्या हालचालींपूर्वी घोरण्यानंतरची शांतता नव्हती. पण केवळ त्या फरकावर कोणाच्याही पुढील आयुष्याचे भाकीत करणे मला मान्य नाही.

डॉक्टरांकडे जाताना संपूर्ण रात्रीचे चित्रण नेऊ नका, ते पाहायला कोणासही सात तास नसतात. वहीचे एक पान न्या. त्यावर किती तास चित्रण केले, त्यांपैकी किती काळ दिसले, आपला मोजण्याचा नियम, प्रसंगांची संख्या व वेळा, आणि त्या दिवशी घेतलेली सर्व औषधे लिहिलेली असावीत. सोबत दोन-दोन मिनिटांच्या तीन फिती, प्रत्येकीत प्रसंगापूर्वीचे पूर्ण एक मिनिट असलेल्या. एवढ्यावर आमचे काम पुढे सरकते.

काही वेळा मात्र वही बाजूला ठेवावी. हाक मारूनही जाग येत नसेल, झटका पाच मिनिटांहून अधिक काळ चालला असेल किंवा एकामागून एक झटके येत असतील, पडून डोक्याला मार लागला असेल, छातीत दुखत असेल, धाप लागली असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा एक हात-पाय लुळा पडला असेल, तर चित्रण पाहत बसू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आणि एक विनंती. चित्रण सुरू करण्यापूर्वी ज्यांचे चित्रण होणार आहे त्यांना विचारा. वयामुळे स्मृती क्षीण झाली असली तरी त्यांना कळेल अशा शब्दांत सांगा. त्याच खोलीत रात्रपाळीच्या मावशी निजत असतील तर त्यांनाही सांगा. कपडे बदलताना कॅमेरा झाकून ठेवा, त्याचा पासवर्ड बदला, फिती नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, आणि निदान झाल्यावर पुसून टाका. आमच्या या गृहस्थांनी शेवटच्या भेटीत मुलाला माझ्यासमोरच सांगितले, "आता तो कॅमेरा काढ बाबा." त्याच संध्याकाळी मुलाने तो काढला.